समुद्रातला वायू आणि भोसरीतला गाळा

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण परिसरातील लघु व मध्यम निर्यातदार उद्योजकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या बैठकीत सरकारला पाठवायच्या एका ठरावाचा मसुदा वाचला गेला, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. अंदमानच्या समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. साठा किती आणि तो व्यापारी दृष्ट्या परवडेल का, हे ठरायला अजून बराच वेळ आहे. तरीही मसुद्यात दोन मागण्या आत्ताच लिहून झाल्या आहेत. पहिली अशी की, पुढेमागे या वायूतून येणारा पैसा साठवून न ठेवता त्याच वर्षी करकपात, अनुदाने आणि सरकारी कामे यांच्या रूपाने देशात खेळता करावा. दुसरी अशी की, त्यामुळे रुपया वधारलाच, तर रिझर्व्ह बँकेने तो एका ठरावीक भावावर रोखून धरावा. बैठकीत दोन्ही मागण्यांवर टाळ्या पडल्या. गेली सव्वीस वर्षे तुमच्यापैकी अनेकांची कॉस्टिंगची कामे करणारा माणूस म्हणून मला असे वाटते की, या दोन मागण्या एकत्र मान्य झाल्या तर पहिला फटका टाळ्या वाजवणाऱ्यांनाच बसेल. बैठकीत हे पाच मिनिटांत सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

आधी आपल्याच शीटवर हिशोब मांडू. समजा, तुमचा एक मशीन केलेला कास्टिंगचा भाग परदेशी ग्राहकाला दहा डॉलरला जातो आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. तुम्हाला ८५० रुपये मिळतात. त्यातले ४०० रुपये धातूचे आहेत, आणि धातूचा भाव जागतिक बाजाराला बांधलेला असल्यामुळे तो खरे तर डॉलरमधलाच खर्च आहे. पगार, वीज, भाडे, वाहतूक, टूल्सना धार लावण्याची मजुरी असा इथला खर्च ३७० रुपये. हाती ८० रुपये उरतात. आता डॉलर ७५ रुपयांवर आला असे धरा. मिळकत ७५० होते, धातू ३५३ रुपयांना पडतो, पण पगार आणि भाडे कोणी कमी करत नाही. उरतात २७ रुपये. त्याच वर्षी इथला खर्च आठ टक्क्यांनी वाढला, तर ३७० चे ४०० होतात आणि नगामागे तीन रुपयांचा तोटा सुरू होतो. ग्राहक तोच, भाग तोच, कामगारांचे कसबही तेच. तरी धंदा बसला.

याच शीटवर रुपया ८५ लाच बांधून ठेवा. मिळकत ८५०, धातू ४००. पण देशात नवा पैसा ओतला गेल्यामुळे इथला खर्च तीन वर्षांत ३७० वरून ४५० वर गेला, म्हणजे साधारण बावीस टक्क्यांनी वाढला, तर तेच ८० रुपये तितक्याच निश्चितपणे संपतात. डॉलरचा भाव जागचा हलला नाही, तरी तुमचा माल परदेशात महाग झालाच. अर्थशास्त्रात याला वास्तव विनिमय दर वाढणे म्हणतात. चलनाचा भाव वधारून हे घडते, नाहीतर देशातल्या किमती आणि पगार चढून घडते. रिझर्व्ह बँक पहिला रस्ता काही काळ अडवू शकते. पैसा देशात ओतला जात असेल, तर दुसरा तिला फार काळ अडवता येत नाही. तिने डॉलर विकत घेतले की बाजारात रुपये येतात, ते शोषून घ्यायला रोखे विकावे लागतात आणि त्यावर व्याज भरावे लागते. २००७ मध्ये परकीय भांडवलाच्या लोंढ्याने डॉलर ४४ च्या आसपासहून ४० च्या खाली आला, तेव्हा हा सगळा खटाटोप आपण पाहिला आहे. तुमच्यापैकी काहींनी त्या वर्षी घेतलेल्या ऑर्डरी अजून आठवणीत असतील. मसुद्यातली दुसरी मागणी मला पोकळ वाटते ती या कारणाने.

जमिनीतल्या संपत्तीच्या पैशाने इतर निर्यात बुडण्याच्या या आजाराला नाव मिळाले ते नेदरलँड्सवरून. तिथल्या ग्रोनिंगेन प्रांतात स्लोखतरेन या गावाजवळ १९५९ मध्ये प्रचंड वायुसाठा सापडला. वायूची निर्यात वाढली, १९७३ नंतर तेलाबरोबर त्याचा भाव चढला, गिल्डर हे चलन बळकट राहिले, वायूचे उत्पन्न सरकारी खर्चात मुरत गेले आणि इतर कारखानदारीची निर्यात मागे पडू लागली. १९७७ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने याला ‘डच आजार’ म्हटले आणि ते नाव चिकटले. पण आपल्यासारख्या मोटारींच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या गावाने शिकावे असे प्रकरण माझ्या मते हॉलंडचे नसून ऑस्ट्रेलियाचे आहे. त्यात एक दैवदुर्विलासही आहे. खनिजांची निर्यात वाढली की देशातल्या कारखान्यांवर आयात शुल्क कमी केल्यासारखाच दाब येतो, हे रॉबर्ट ग्रेगरी या ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये, म्हणजे आजाराचे बारसे होण्याच्या आधीच, मांडले होते. १९८२ मध्ये या विषयाचा पायाभूत आराखडा पीटर नीअरी यांच्यासह मांडणारे मॅक्स कॉर्डन हेही ऑस्ट्रेलियनच. ज्या देशाने रोगाचे वर्णन आधी लिहून ठेवले, त्याच देशाच्या मोटार उद्योगाला तो तीस वर्षांनी भोवला.

कॉर्डन आणि नीअरी यांनी या आजाराचे दोन मार्ग वेगळे केले, आणि ते समजले की पुढचे सगळे सोपे होते. पहिला मार्ग माणसांचा. खाणीत पगार जास्त मिळतो, म्हणून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन कारखाना सोडून तिकडे जातात. आपल्याकडे खाण नाही, पण सीएनसीवर तयार झालेला डिप्लोमाचा मुलगा हिंजवडीच्या कंपनीत गेला की उरलेल्यांचे पगार वाढवावे लागतात, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. दुसरा मार्ग खर्चाचा. खाणीतून आलेला पैसा पगार, नफा आणि सरकारी खर्चाच्या रूपाने देशात फिरतो. त्यातून माणसे मोटार किंवा कपडे घेतात, तेव्हा त्या वस्तूंचे भाव फारसे चढत नाहीत, कारण त्या बाहेरून आणता येतात. पण घर, हॉटेल, शाळा, दवाखाना, केस कापणे या गोष्टी आयात करता येत नाहीत. त्यांचे भाव आणि त्या क्षेत्रांतले पगार चढतात. कारखानदाराला मात्र वाढलेले पगार द्यायचे असतात, जागेचे वाढलेले भाडे भरायचे असते आणि माल जागतिक भावातच विकायचा असतो. खाणीत फार माणसे लागत नसल्यामुळे पहिला मार्ग बहुधा अरुंद असतो. खरा रेटा दुसऱ्या मार्गाने येतो. आपल्या मसुद्यातली पहिली मागणी नेमका हा दुसरा मार्ग रुंद करण्याची आहे.

आता ऑस्ट्रेलिया. या शतकाच्या सुरुवातीला लोखंडाच्या खनिजाचा भाव टनाला वीस डॉलरच्या आगेमागे होता. चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढत गेली आणि २०११ च्या सुरुवातीला तो १८० डॉलरच्या वर गेला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात खाणी, रेल्वे आणि बंदरे यांवर अफाट गुंतवणूक झाली, आणि तिथे महाकाय ट्रक चालवणाऱ्याला वर्षाला लाखभर ऑस्ट्रेलियन डॉलर मिळू लागले. २००१ मध्ये अमेरिकेच्या पन्नास सेंटच्याही खाली असलेला ऑस्ट्रेलियन डॉलर २०११ च्या जुलैत एक डॉलर दहा सेंटपर्यंत चढला आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे बहुतेक काळ एक डॉलरच्या आसपास किंवा वर राहिला. सगळे श्रेय खनिजाचे नव्हते. २०११ च्या मध्यात अमेरिकेत व्याजदर शून्यालगत होते आणि ऑस्ट्रेलियात पावणेपाच टक्के, त्यामुळे व्याजासाठी येणारा पैसाही होता. पण तो व्याजदर तसा उंच ठेवावा लागला, त्यामागेही खाणीची तेजीच होती.

अॅडलेड आणि मेलबर्न परिसरातल्या मोटार कारखान्यात कामगाराचा तासाचा खर्च तीस ऑस्ट्रेलियन डॉलर धरला, तर चलन पन्नास सेंटला असताना तो १५ अमेरिकी डॉलर होतो आणि एक डॉलर पाच सेंटला असताना साडेएकतीस. कामगाराला एक पैसाही जास्त मिळालेला नाही, पण परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने त्याची मजुरी दुपटीहून जास्त झाली. टोयोटाचा मेलबर्नजवळच्या अल्टोना येथील कारखाना मोठ्या प्रमाणात मध्यपूर्वेला कॅमरी गाड्या पाठवत असे. होल्डन या ऑस्ट्रेलियन मोटार कंपनीने आपली मोठी सेडान २००८-०९ मध्ये पाँटिअॅकच्या नावाने अमेरिकेला पाठवली होती. अशा निर्यातीच्या आकड्यांवर कारखान्याचा स्थिर खर्च वाटला जात असतो. निर्यात परवडेनाशी झाली की उरलेल्या प्रत्येक गाडीवर तो जास्त बसतो आणि मग देशातही आयात गाडी स्वस्त पडते. फोर्डने मे २०१३ मध्ये, होल्डनने डिसेंबर २०१३ मध्ये आणि टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. टोयोटाने दिलेल्या कारणांत प्रतिकूल ऑस्ट्रेलियन डॉलरमुळे निर्यात न परवडणे हे होते, आणि होल्डनच्या मालक कंपनीनेही चलनाच्या टिकून राहिलेल्या बळकटीचा उल्लेख केला होता.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानंतरचा आहे. खनिजाचा भाव कोसळला आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो ४० डॉलरच्या खाली गेला. २०१६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन डॉलर सत्तर सेंटच्या आसपास होता. कागदावर अल्टोनाची निर्यात पुन्हा परवडायला हवी होती. पण फोर्डचा कारखाना ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झालाच, आणि टोयोटा व होल्डन दोन्ही ऑक्टोबर २०१७ मध्ये. चलन खाली आले म्हणून विकलेले डाय परत आले नाहीत. फोर्जिंगवाला, सीटवाला, वायरिंग हार्नेसवाला हे पुरवठादार एकेका कारखान्यावर जगत नसतात. तीन ग्राहक मिळून त्यांचा धंदा उभा असतो. एक गेला की दुसऱ्यासाठी तो भाग महाग होतो आणि तिन्ही जातात. चाकणला कोणती कंपनी आपल्या कोणकोणत्या वेंडरांच्या जोरावर उभी आहे, हे आठवून पाहा, म्हणजे या वाक्याचा अर्थ ध्यानात येईल. खनिजाचा भाव पाच वर्षांत वर जाऊन खाली येतो. टूलरूमचा कारागीर तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता एक प्रामाणिक खुलासा, नाहीतर माझेच म्हणणे अतिशयोक्त ठरेल. मोटार उद्योग केवळ चलनामुळे गेला असे कोणी म्हणाले, तर मी ते मान्य करणार नाही. ऐंशीच्या दशकात तिथे आयात मोटारीवर साडेसत्तावन्न टक्के शुल्क होते, ते उतरत २०१० मध्ये पाच टक्क्यांवर आले. थायलंडशी मुक्त व्यापाराचा करार २००५ पासून लागू झाला. वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या खपणाऱ्या बाजारात साठाहून जास्त ब्रँड होते, त्यामुळे एका मॉडेलचा आकडाच मोठा होत नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, खाणतेजी आलीच नसती तर २०१३ मध्ये एकूण कारखानदारीचे उत्पादन होते त्यापेक्षा सुमारे पाच टक्केच जास्त असते, आणि कुटुंबांचे माणशी वास्तव उत्पन्न मात्र तेजीमुळे तेरा टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे देश म्हणून ऑस्ट्रेलिया श्रीमंतच झाला. आणि कारखानदारीचा एकूण फटका मर्यादित राहिला, कारण खाणींना लागणारी यंत्रे, पूल, पत्रे आणि सिमेंट पुरवणाऱ्या कारखान्यांना कामही मिळाले. पण सरासरी पाच टक्के म्हणजे प्रत्येकाचे पाच टक्के नव्हे. खाणीला माल देणारा तरला, आणि आधीच बारीक मार्जिनवर निर्यात करणारा बुडाला. अशक्त माणसाला साथीचा ताप भोवतो तसे हे आहे; तापाला एकटे दोषी धरू नये आणि तापाला निर्दोषही म्हणू नये.

हे भारताला किती लागू पडते? आपण कच्चे तेल पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त आयात करतो, म्हणून काही मंडळींनी बैठकीत असे म्हटले की, आपण वायू निर्यात करणारच नाही, मग चलनाचा प्रश्न कुठून येतो? तो येतो. आयात कमी झाली की तेल कंपन्यांची डॉलरची खरेदी कमी होते, आणि रुपयावर परिणाम निर्यात वाढल्यासारखाच होतो. आपली तेल आयात वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर असल्यामुळे साठा त्या मापाचा असेल तरच परिणाम जाणवेल, आणि लहान निघाला तर हे पत्र फाडून टाकायला माझी हरकत नाही. पण ठराव साठा मोठा निघेल असे धरूनच लिहिला आहे, म्हणून उत्तरही तसे धरूनच द्यायला हवे.

साठा मोठा निघालाच, तर तुमच्या बुडालेल्या ऑर्डरींचे कारण हाच आजार आहे की दुसरे काही, हे वर्तमानपत्रापेक्षा आधी तुमच्या वह्या सांगतील. रिझर्व्ह बँक चाळीस चलनांच्या भारित सरासरीने रुपयाचा वास्तव निर्देशांक दर महिन्याला प्रसिद्ध करते. नुसता डॉलरचा भाव न पाहता तो पाहावा, कारण त्यात इतर देशांशी तुलना करून महागाईही धरलेली असते. त्याच्या शेजारी तुमचा नगामागचा स्थानिक खर्च डॉलरमध्ये काढून लिहावा. दोन्ही वर चढत असतील, घरभाडे आणि सेवांचे भाव कारखान्याच्या मालापेक्षा वेगाने चढत असतील आणि त्याच काळात वायूचा पैसा अर्थसंकल्पात दिसू लागला असेल, तर निदान बरोबर आहे. उलट तुमच्या ग्राहकाची एकूण खरेदीच घटली असेल आणि थायलंड व मेक्सिकोच्या पुरवठादारांनाही तेवढाच फटका बसला असेल, तर दोष मागणीचा आहे आणि रुपयाला शिव्या देऊन उपयोग नाही. फॉरवर्ड कव्हर घेतलेले आहे, असे काहीजण म्हणतील. त्याने सहा महिन्यांच्या, वर्षभराच्या ऑर्डरीचा भाव पक्का होतो. पाच वर्षे बळकट राहणाऱ्या चलनापुढे ते पहिल्या वर्षापुरतेच पांघरूण आहे, आणि त्यातही इथला खर्च झाकला जात नाही.

मग मागायचे काय? नॉर्वेने १९९० मध्ये तेलाच्या उत्पन्नासाठी निधीचा कायदा केला आणि त्यात पहिली रक्कम १९९६ मध्ये जमा झाली. तो निधी केवळ परदेशी शेअर, रोखे आणि मालमत्तांत गुंतवला जातो. या ‘परदेशी’ शब्दात सगळी खुबी आहे. निधीत गेलेला पैसा परकीय चलनातच राहतो, तो क्रोन या नॉर्वेच्या चलनात बदलून बाजारात येत नाही, म्हणून तो क्रोनला वर ढकलत नाही आणि ओस्लोतले घरभाडेही चढवत नाही. सरकारने वर्षाला निधीच्या अपेक्षित वास्तव परताव्याएवढेच खर्चावे असा दंडक २००१ पासून आहे; तो आधी चार टक्के होता, २०१७ पासून तीन टक्के आहे. याने नॉर्वेत मजुरी स्वस्त राहिली, असे मुळीच नाही. तिथला कारखानदारही चढ्या खर्चाबद्दल कुरकुरत असतो. पण खनिजाच्या भावाचे हेलकावे थेट त्याच्या शीटवर येत नाहीत, आणि भाव पडला की सरकारचा खर्च एका रात्रीत आटत नाही. आपल्याकडे एवढ्या गरिबीत सगळा पैसा बाहेर ठेवा, असे मी म्हणणार नाही. इथे शाळा, पाणी आणि दवाखान्यांची निकड आजची आहे. मात्र जो भाग इथे खर्चायचा, तो टप्प्याटप्प्याने खर्चावा, आणि त्यातही बंदरे, वीजपुरवठा, मालवाहतूक यांना अग्रक्रम द्यावा. अशा कामांतली बरीच यंत्रसामग्री आयात होते, म्हणजे डॉलर त्यांच्या वाटेनेच परत जातात, आणि काम पूर्ण झाले की तुमचा तो ३७० रुपयांचा खर्च थोडा उतरतो. करकपात म्हणून वाटलेला रुपया मात्र बहुधा जागेत आणि सेवांतच मुरतो.

म्हणून माझी विनंती अशी की, ठरावातली ‘त्याच वर्षी देशात खेळता करावा’ ही ओळ काढावी, आणि तिच्या जागी वायूच्या महसुलाचा मोठा हिस्सा कायद्याने परकीय मालमत्तांत ठेवावा आणि वर्षाच्या खर्चाला दंडक असावा, अशी मागणी घालावी. रुपया एका आकड्यावर रोखण्याची मागणी पूर्णपणे वगळावी. कायदा वायू येण्याआधी झाला पाहिजे, हेही त्यात यावे. पैसा दिसू लागल्यावर तो बाजूला ठेवा असे म्हणणारा माणूस कोणत्याच पक्षात सापडत नाही.

पुढच्या बैठकीला मी वरच्या हिशोबाची कोरी शीट घेऊन येईन. ज्यांना आपल्या भागाचे आकडे घालून पाहायचे असतील, त्यांनी नगामागचा धातूचा खर्च आणि स्थानिक खर्च वेगवेगळा काढून आणावा. एकत्र आकडा आणला, तर त्यातून काही दिसणार नाही.

आपला,
भोसरीतील एक कॉस्ट अकाउंटंट